गेम अडखळतो तेव्हा: सेन्सरची नोंदवही कशी वाचावी

नवा गेमिंग लॅपटॉप पहिली पाच-सात मिनिटं झकास पळतो आणि मग गेम हळूहळू जड होत जातो, ही तक्रार उन्हाळ्यात हमखास ऐकू येते. पडद्याच्या कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा साठवरून पन्नासवर येतो, मध्येच चित्र अडखळतं, पंखे घोंघावत राहतात. मग घरातल्या घरात निदान सुरू होतं. कुणी म्हणतं गेमच वाईट बनवलाय, कुणी म्हणतं रॅम वाढव, कुणी थर्मल पेस्ट बदलायला सांगतं. यातलं एखादं खरंही असेल, पण ते ठरवायला अंदाज लागत नाही. चिप का मंदावली याची नोंद ती चिप स्वतःच ठेवत असते. ती वाचायची कशी, एवढाच प्रश्न आहे.

आधी शब्द समजून घेऊ. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स चिप स्वतःहून आपला वेग कमी करते त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. त्याची दोन मोठी कारणं. तापमान ठरलेल्या कमाल मर्यादेला टेकलं, तर ते थर्मल थ्रॉटलिंग. चिपला जितके वॅट वापरायची परवानगी आहे तितके संपले, तर ते पॉवर थ्रॉटलिंग. वरवर दोन्हींचा परिणाम सारखाच, म्हणजे क्लॉक उतरतो आणि फ्रेम कमी पडतात. उपाय मात्र वेगवेगळे. म्हणून फक्त ‘क्लॉक पडला’ एवढं पाहून काहीच कळत नाही. तो कशाला अडला ते पाहावं लागतं.

यासाठी विंडोजवर सर्वात उपयोगी साधन म्हणजे एचडब्ल्यूइन्फो. ते घरगुती वापरासाठी मोफत आहे. HWiNFO64 उघडताना `Sensors-only` ही खूण करून सुरू केलं की आकड्यांची एक लांबलचक यादी समोर येते. प्रत्येक आकड्यापुढे चार रकाने असतात: आत्ताचा, किमान, कमाल आणि सरासरी. बहुतेक लोक गेम संपल्यावर ही खिडकी उघडतात, कमालच्या रकान्यात १०० अंश पाहतात, शेजारी `Core Thermal Throttling` पुढे लाल अक्षरातलं `Yes` दिसतं आणि घाबरतात.

हा कमालचा रकाना फार फसवा आहे. दोन तासांत एकाच नोंदीपुरतं तापमान वर गेलं असेल, तरी ते तिथे कायम राहतं. गेम सुरू होताना आणि नवा नकाशा उघडताना प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम जुंपले जातात. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा पहिल्यांदा उघडल्यावर शेडर तयार करायला बराच वेळ घ्यायचा आणि तेवढा वेळ प्रोसेसर चांगलाच तापायचा. त्या वेळी थ्रॉटलिंग झालं असलं तरी प्रत्यक्ष खेळताना येणाऱ्या अडखळण्याशी त्याचा संबंध नसतो. त्यामुळे किती तापलं याच्याइतकंच कधी तापलं आणि त्या क्षणी बाकी काय चाललं होतं, हे महत्त्वाचं. त्यासाठी लॉग हवा.

सेन्सरच्या खिडकीत तळाला कागदावर हिरव्या अधिक चिन्हाचं एक बटण असतं. ते दाबलं, फाइलला नाव दिलं की लॉगिंग सुरू. प्रोग्रॅम मूळ मांडणीत दर दोन सेकंदांनी एक ओळ लिहितो. सेटिंगमध्ये तो काळ १००० मिलिसेकंद, म्हणजे एक सेकंद करून घ्यावा. त्याहून फार कमी करू नये, कारण सेन्सर सतत विचारत राहणं हेही प्रोसेसरला कामच असतं. मग गेम सुरू करायचा आणि पंधरा-वीस मिनिटं खेळायचं. त्याहून कमी वेळाचा लॉग लॅपटॉपच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी, कारण तांब्याच्या नळ्या, पत्रा आणि खोका पूर्ण तापायलाच तेवढा वेळ लागतो.

खेळणंही शक्यतो ठरलेलं असावं. ‘सायबरपंक २०७७’ इथे सोयीचा आहे, कारण तो प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनाही दमवतो. त्यात बेंचमार्क आहे, पण तो मिनिटभराचाच. म्हणून बाजाराच्या गर्दीतून जाणारा एक रस्ता ठरवावा आणि त्याच रस्त्याने फेऱ्या माराव्यात. एकदा वाळवंटात आणि एकदा गर्दीत खेळून घेतलेल्या दोन लॉगची तुलना होऊ शकत नाही.

फाइल सीएसव्ही असते, म्हणजे एक्सेल किंवा लिबरऑफिसमध्ये उघडते. उघडल्यावर मात्र शेकडो रकाने पाहून धडकी भरते. त्यातले आठ-नऊच आपल्या कामाचे. एक छोटी गोष्ट लक्षात ठेवावी: फाइलच्या शेवटी शीर्षकांची ओळ पुन्हा येते, आलेख काढण्याआधी ती पुसून टाकावी. आलेखासाठी ‘जेनेरिक लॉग व्ह्यूअर’ नावाचा मोफत प्रोग्रॅमही आहे. त्यात रकान्यावर खूण केली की रेष उमटते, दोन-तीन रेषा एकाखाली एक ठेवता येतात.

कुठले रकाने? प्रोसेसरसाठी `CPU Package [°C]`, `CPU Package Power [W]`, कोअरचे क्लॉक आणि `PL1 Power Limit (Dynamic) [W]`. ग्राफिक्ससाठी `GPU Temperature`, `GPU Power`, `GPU Clock` आणि `GPU Core Load`. आणि अर्थात एफपीएस. एवढ्यावर नव्वद टक्के निदान होतं. क्लॉकच्या बाबतीत `Effective Clock` हा वेगळा रकाना दिसेल. साधा क्लॉक त्या क्षणाचा असतो, तर इफेक्टिव्ह क्लॉक मधल्या काळाची सरासरी सांगतो आणि कोअर झोपलेला असेल तो वेळही त्यात धरतो. म्हणून रिकाम्या कोअरचा इफेक्टिव्ह क्लॉक दोनशे मेगाहर्ट्‌झ दिसला म्हणजे थ्रॉटलिंग झालं असं नाही. त्याला कामच नव्हतं.

आता वाचण्याचा मुख्य नियम. आलेखात जी रेष एखाद्या उंचीवर जाऊन सपाट होते, ती मर्यादा. बाकीच्या रेषा तिला सांभाळण्यासाठी हलत असतात. तापमान ९७ वर सपाट आणि वॅट खाली घसरत आहेत, तर चिप उष्णतेने अडली आहे. वॅट एका आकड्यावर सपाट आणि तापमान मर्यादेच्या बरंच खाली, तर ती वॅटने अडली आहे. आणि दोन्हींपैकी काहीच सपाट नसेल, तर थ्रॉटलिंग बहुधा नाहीच. गेम तेवढं काम मागत नाही किंवा कुणीतरी एफपीएसला लगाम घातला आहे. तेव्हा एफपीएसची रेषच ६० वर सपाट दिसते.

वॅटची मर्यादा थोडी समजावून सांगायला हवी, कारण इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ती एक नसून दोन असतात. पीएल-२ ही थोड्या काळासाठीची मोठी मुभा, तर पीएल-१ ही दीर्घकाळच्या सरासरीची मर्यादा. दिवाळीच्या महिन्यात घरात हात सैल सोडतात, पण वर्षाची सरासरी पगारात बसवावी लागते, तसं हे गणित आहे. सरासरी किती काळाची धरायची तो आकडा साधारण २८ किंवा ५६ सेकंद असतो. कोअर आय-७ १२७००एच हा लॅपटॉपमधला लोकप्रिय प्रोसेसर घेतला, तर इंटेलने त्याची मूळ शक्ती ४५ वॅट आणि टर्बोची कमाल ११५ वॅट सांगितली आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या कूलिंगप्रमाणे पीएल-१ कमी-जास्त ठेवतात. त्यामुळे पहिल्या मिनिटभरात दिसणारा वेग आणि नंतरचा वेग वेगळा असणं हे ठरवूनच केलेलं असतं. त्यात बिघाड काही नाही. जाहिरातीत अर्थातच पहिल्या मिनिटाचा आकडा छापतात.

आता एक लॉग वाचून पाहू. वरचा प्रोसेसर, सोबत आरटीएक्स ३०६० लॅपटॉप ग्राफिक्स, मे महिन्यातली दुपार, एसी नसलेली खोली, सायबरपंक रे ट्रेसिंग आणि डीएलएसएस चालू ठेवून, लॅपटॉप परफॉर्मन्स मोडवर. अशा परिस्थितीत लॉग कसा दिसतो हे समजावं म्हणून मी नमुन्याच्या चार ओळी खाली मांडल्या आहेत. रकान्यांची नावं जागेसाठी आखूड केली आहेत. TT म्हणजे थर्मल थ्रॉटलिंगची खूण.

```
Time,CPU°C,CPU W,PL1 W,MHz,TT,GPU°C,GPU W,GPU%,FPS
16:02,90,64,75,4080,No,71,114,97,63
16:05,95,63,75,4050,No,81,115,97,62
16:09,97,49,75,3520,Yes,85,113,95,60
16:14,83,35,35,2890,No,79,94,81,51
```

पहिली ओळ निरोगी आहे. प्रोसेसर ६४ वॅट घेतो आहे, परवानगी ७५ ची आहे, तापमान नव्वद. ग्राफिक्स ९७ टक्के कामात आणि ११४ वॅटवर. म्हणजे गेमचा वेग ग्राफिक्स चिप ठरवते आहे आणि ती आपल्या वॅटच्या मर्यादेला टेकलेली आहे. एचडब्ल्यूइन्फोमध्ये एनव्हिडियाच्या चिपसाठी `Performance Limit - Power` अशी खूण असते, ती इथे `Yes` दाखवेल. यावरून पुष्कळ जण घाबरतात, पण जड गेममध्ये ग्राफिक्स चिपची हीच स्वाभाविक अवस्था आहे. तिला जेवढे वॅट दिलेत तेवढे ती खाणारच. जीपीयू-झेड या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये `PerfCap Reason` च्या पट्टीवर `Pwr` किंवा `VRel` लिहून येतं, तेही याच जातीचं. काळजी करायची ती `Thrm` दिसलं तर.

दुसऱ्या ओळीत तीन मिनिटं गेली आहेत. प्रोसेसरचे वॅट जवळपास तेवढेच, तरी तापमान पाचने वाढलं. हे वाचताना डावीकडचे रकाने पुरत नाहीत, उजवीकडे बघावं लागतं: ग्राफिक्स ७१ वरून ८१ वर गेलं आहे. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या दोन्ही चिपांवरून जातात. ग्राफिक्सने ओतलेली ११५ वॅट उष्णता प्रोसेसरलाही भोवते. म्हणून फक्त प्रोसेसर दमवणाऱ्या चाचणीत जो लॅपटॉप उत्तम ठरतो, तोच गेममध्ये धापा टाकतो.

तिसऱ्या ओळीत तापमान ९७ वर थांबलं आहे. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश, पण कंपनीला ती काही अंश खाली आणता येते, आणि आपल्या नमुन्यात ती तीनने खाली आणलेली आहे. या वेळच्या शंभरेक ओळी पाहिल्या तर सगळीकडे ९६-९७ असतं, त्यापुढे नाही. इकडे वॅट ६३ वरून ४९ वर आणि क्लॉक ३५२० वर. खूणही `Yes`. हे पुस्तकातल्यासारखं थर्मल थ्रॉटलिंग. गंमत अशी की एफपीएस मात्र जेमतेम दोनने उतरले आहेत. कारण गेमचा वेग अजून ग्राफिक्स ठरवते आहे. प्रोसेसर मंदावला तरी त्याच्याकडे थोडी शिल्लक होती. जीपीयूचा भार ९७ वरून ९५ वर आला, ही पुढच्या संकटाची पहिली चाहूल. थ्रॉटलिंग होतं आहे आणि त्याने खेळ बिघडतो आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या टप्प्यावर पुष्कळांनी विनाकारण लॅपटॉप उघडून पेस्ट बदललेली असते.

खरी मेख चौथ्या ओळीत आहे. एफपीएस ५१, खेळणाऱ्याला आता स्पष्ट जाणवतंय. आणि लॉग काय सांगतो? तापमान ८३, चक्क चौदा अंशांनी कमी. थर्मल थ्रॉटलिंग: `No`. एवढंच पाहणारा म्हणेल की उष्णतेचा प्रश्न नाहीच. सपाट रेष शोधली तर ती वॅटच्या रकान्यात सापडते: ३५, ३५, ३५. `IA Limit Reasons` या गटात `Package-Level RAPL/PBM PL1` पुढे `Yes` आलेलं असतं. म्हणजे नियमाप्रमाणे हे पॉवर थ्रॉटलिंग. मग मोठा चार्जर घ्यावा का?

इथे शेजारचा रकाना कामी येतो. पीएल-१ ची परवानगीच ७५ वरून ३५ झाली आहे. एचडब्ल्यूइन्फो या मर्यादेचे दोन आकडे दाखवतो, `Static` आणि `Dynamic`. पहिला कंपनीने ठरवून ठेवलेला, दुसरा त्या क्षणी लागू असलेला. चालू गेममध्ये दुसरा कुणी खाली ओढला? लॅपटॉपच्याच नियंत्रण व्यवस्थेने. चिपच्या तापमानाखेरीज खोक्याच्या आत, कीबोर्डखाली, वीजपुरवठ्याच्या भागांजवळ आणखी सेन्सर असतात. हाताला चटका बसेल इतका पत्रा तापायला लागला की ही व्यवस्था प्रोसेसरची मुभा कापते. चिप थंड होते ती त्यामुळे. म्हणजे वर पाटी वॅटची, आतलं कारण उष्णता. खोक्यातले हे सेन्सर प्रत्येक वेळी एचडब्ल्यूइन्फोला दिसतातच असं नाही, म्हणून डायनॅमिक पीएल-१ चा रकाना हाच त्यांचा साक्षीदार.

मग उरलेली ओळ आपोआप उलगडते. ३५ वॅटवरचा प्रोसेसर गर्दीच्या बाजारातल्या माणसांचं, गाड्यांचं आणि रे ट्रेसिंगचं गणित वेळेत संपवू शकत नाही. ग्राफिक्स चिपला पुढची फ्रेम रंगवायचं काम उशिरा मिळतं. तिचा भार ८१ टक्क्यांवर येतो, वॅट ९४ वर, तापमान ७९. ग्राफिक्स थंड झालं हे इथे चांगलं लक्षण नाही, ते उपाशी बसल्याची खूण आहे. लॉग पुढे वाचत गेलं तर करवतीसारखी रेष दिसते: खोका जरा निवला की पीएल-१ पंचेचाळीसवर जातो, एफपीएस सुधारतात, पुन्हा तापतो, पुन्हा ३५. खेळणाऱ्याला ‘मधूनमधून अडखळतं’ असं जे वाटतं ते हेच.

निदान पक्कं करायचं तर एकच गोष्ट बदलून तोच रस्ता पुन्हा फिरायचा. लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली तीन-चार सेंटीमीटरचा आधार द्या, जेणेकरून तळाच्या जाळीतून हवा आत जाईल. किंवा तोच खेळ एसीच्या खोलीत खेळा. कारण उष्णता असेल तर डायनॅमिक पीएल-१ उशिरा पडेल, कमी पडेल किंवा पडणारच नाही. दोन्ही वेळा सारख्याच मिनिटाला सारखाच पडला, तर दुसरं कारण शोधायचं.

खोलीच्या तापमानाला आपल्याकडे फार कमी महत्त्व दिलं जातं. पंखा आणि तांबं चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. तेवढेच वॅट आणि पंख्याचा तेवढाच वेग असेल तर चिप खोलीच्या हवेपेक्षा साधारण ठरावीक अंशांनी गरम राहते. २५ अंशांच्या खोलीत ८८ वर राहणारा प्रोसेसर ३७ अंशांच्या खोलीत शंभरीला टेकतो. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि कूलरच्या खोलीतही तिशी ओलांडलेली असते. वातानुकूलित स्टुडिओत केलेलं परीक्षण पाहून घेतलेला लॅपटॉप तिथे वेगळाच वागला तर नवल नाही. म्हणून लॉगच्या फाइलच्या नावातच खोलीचं तापमान लिहून ठेवावं. साध्या भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा पुरतो.

आता हुबेहूब दिसणारी पण वेगळी अशी प्रकरणं. पीएल-१ पहिल्या मिनिटापासूनच ३५ वर असेल, तर उष्णतेचा संबंध नाही. कुणीतरी सायलेंट मोड लावलेला असतो किंवा कंपनीची मांडणीच तशी असते. लॅपटॉपच्या बॅटरीचा `Charge Rate [W]` प्लग लावलेला असतानाही उणे दिसत असेल, तर चार्जर पुरत नाही आणि मशीन बॅटरीतून भर घालतंय. मोठ्या वीटेऐवजी छोटा टाइप-सी चार्जर लावून खेळणाऱ्यांकडे हे दिसतं. आणि प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम ४०० मेगाहर्ट्‌झवर अडकून बसले, तापमान पन्नास-साठ, तर हे नेहमीचं थ्रॉटलिंग नाही. प्रोसेसरच्या बाहेरून, मदरबोर्डच्या एखाद्या भागाकडून आणीबाणीची खूण आली आहे. इंटेलमध्ये तिला प्रॉकहॉट म्हणतात. चार्जर ओळखला न जाणं हे त्याचं एक नेहमीचं कारण. इथे पंखा साफ करून काही होत नाही. आधी मूळ चार्जर लावून पाहावा.

एएमडीच्या रायझनमध्ये तत्त्व तेच, नावं वेगळी. तिथे `CPU PPT Limit`, `TDC`, `EDC` असे टक्क्यांतले रकाने असतात. जो शंभर टक्क्यांवर सपाट, तो अडथळा. डेस्कटॉपच्या रायझन ७००० मालिकेतल्या काही चिपा पूर्ण भार पडला की ९५ अंशांवर जाऊनच स्थिरावतात आणि कंपनीने ते तसंच ठरवलं आहे. ९५ हा आकडा पाहून त्या मालकांनी झोप घालवू नये.

ग्राफिक्स चिपबाबत एक बारकावा. एनव्हिडियाची चिप तापू लागली की मर्यादेच्या पुष्कळ आधीपासून क्लॉक पायरी-पायरीने उतरवते, एका पायरीला साधारण पंधरा मेगाहर्ट्‌झ. वीस मिनिटांत १७४० चे १७१० झाले तर ते थ्रॉटलिंग मोजू नये. आलेखात ही पायऱ्यांची उतरण सौम्य दिसते, तर खऱ्या थर्मल थ्रॉटलिंगमध्ये तापमान एका आकड्यावर खिळतं आणि क्लॉक शेकड्याने खाली जातो.

लॉगला मर्यादाही आहेत. सेकंदाला एक ओळ म्हणजे दरम्यानच्या साठ फ्रेममध्ये काय झालं ते त्यात येत नाही. एखादा धक्का दहा-वीस मिलिसेकंदांचा असतो. तो ड्राइव्हवरून माहिती उचलताना बसला की चिप क्षणभर अडल्याने, हे या फाइलवरून सांगता येणार नाही. सगळ्या रेषा शांत असताना चित्र अडखळत असेल, तर उष्णता आणि वॅट हा विषय बाजूला ठेवून दुसरीकडे शोधावं.

आणि कारण उष्णता आहे हे ठरलं, तर पुढे काय? सगळ्यात स्वस्त उपाय एफपीएसला लगाम घालण्याचा. आपल्या उदाहरणात गेमला ५५ वर बांधलं, तर दोन्ही चिपा सुरुवातीपासून कमी वॅट घेतील, खोका उशिरा तापेल आणि पीएल-१ कापायची वेळ कदाचित येणारच नाही. ६३ वरून ५१ वर आदळण्यापेक्षा सलग ५५ डोळ्यांना बरे वाटतात. व्होल्टेज उतरवून उष्णता कमी करण्याचा जुना लोकप्रिय उपाय बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर आता बंद आहे. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेतली त्रुटी उघड झाल्यानंतर कंपन्यांनी त्याला कुलूप लावलं.

पेस्ट बदलावी की नाही, याचाही सुगावा त्याच फाइलमध्ये असतो. प्रत्येक कोअरचं तापमान वेगळ्या रकान्यात येतं. सारखा भार असताना एकच मोठा कोअर बाकीच्या मोठ्या कोअरपेक्षा सतत पंधरा-वीस अंशांनी गरम असेल, तर त्या जागी पेस्ट सरकलेली असते किंवा हीटसिंक नीट टेकलेला नसतो. ग्राफिक्समध्ये `GPU Temperature` आणि `GPU Hot Spot Temperature` यांतला फरक बघतात. दहा-पंधरा अंश नेहमीचे. तो पंचवीसच्या वर गेला आणि महिन्यागणिक वाढत असेल, तर पेस्टचा संशय घ्यायला जागा आहे. याउलट सगळे कोअर एकसारखे तापलेले, हॉट स्पॉटचा फरक नेहमीचा आणि पंख्याची गती कमाल असेल, तर पेस्टवर पैसे घालण्याआधी जाळीतली धूळ काढावी. आरटीएक्स ५० मालिकेत मात्र हॉट स्पॉटचा रकाना दिसत नाही. एनव्हिडियाने तो सेन्सर बाहेरच्या प्रोग्रॅमना वाचू देणं बंद केलं आहे, तेव्हा तिथे ग्राफिक्स चिपचं साधं तापमान, वॅट आणि पंख्याची गती यांची नवा असतानाच्या लॉगशी तुलना करणं एवढंच हाती राहतं. त्यामुळे लॅपटॉप घेतल्या आठवड्यातच एक लॉग काढून बाजूला ठेवलेला बरा.